आधी कोण संपणार?

लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड, दोन्ही द्रावणं पाण्यासारखी रंगहीन. एकात दुसरं ओतलं की क्षणात हळदीसारखा पिवळाधमक साका तयार होतो. तो लेड आयोडाइडचा. अकरावीच्या वर्कशीटवर हा प्रयोग असा येतो: 3.31 ग्रॅम लेड नायट्रेट आणि 2.49 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घेतलं, वाळलेला साका 3.11 ग्रॅम भरला, तर शेकडा उत्पादन किती?

समीकरण Pb(NO₃)₂ + 2KI → PbI₂ + 2KNO₃ असं आहे. त्यातला KI च्या आधीचा 2 डोळ्यांआड करू नये, कारण पुढचा सगळा खेळ त्याच्यावर आहे.

रेणू ग्रॅममध्ये नाही, संख्येने एकमेकांना भेटतात. म्हणून ग्रॅमचे आधी मोल करायचे. एक मोल म्हणजे 6.022 × 10²³ कण, आणि तेवढ्या कणांचं ग्रॅममधलं वजन म्हणजे मोलर मास. शिसं 207.2, नायट्रोजन 14, ऑक्सिजन 16. कंसाबाहेरचा 2 आतल्या सगळ्यांना लागू होतो, म्हणून लेड नायट्रेटचं मोलर मास 207.2 + 2 × 62 = 331.2. पोटॅशियम आयोडाइडचं 39.1 + 126.9 = 166. भागाकार केला की लेड नायट्रेट 0.010 मोल आणि आयोडाइड 0.015 मोल निघतं.

इथे बरीच मुलं लेड नायट्रेटचा आकडा लहान म्हणून तोच लिमिटिंग रिएजंट ठरवून मोकळी होतात. पण शिशाच्या प्रत्येक मोलला आयोडाइडचे दोन मोल लागतात. सगळं शिसं वापरायचं तर 0.020 मोल आयोडाइड हवं, आहे 0.015. म्हणजे आधी आयोडाइड संपणार. प्रत्येक मोलसंख्येला समीकरणातल्या तिच्या आकड्याने भागून पाहिलं तरी हेच दिसतं: लेड नायट्रेटचे 0.010, आयोडाइडचे 0.0075. लहान तो लिमिटिंग.

या उदाहरणात एक गंमत दडलेली आहे. ‘ज्याचे ग्रॅम कमी तो लिमिटिंग’ हा चुकीचा नियम वापरणाऱ्यालाही इथे बरोबर उत्तर मिळतं! कारण आयोडाइडचे दोन मोल 332 ग्रॅमचे आणि लेड नायट्रेटचा एक मोल 331.2 ग्रॅमचा, जवळजवळ सारखेच. हा निव्वळ योगायोग. 10 ग्रॅम नायट्रोजन आणि 5 ग्रॅम हायड्रोजनपासून अमोनिया करायला घेतला, तर हायड्रोजन वजनाने निम्मा असूनही आधी नायट्रोजनच संपतो. प्रश्न काढणाऱ्याला विद्यार्थ्याची समज खरोखर तपासायची असेल, तर शिशाच्या जोडीला असं एखादं गणित हवंच.

प्रयोगशाळेत उत्तराचा पडताळा सोपा आहे. साका गाळून घेतल्यावर खालच्या स्वच्छ द्रावणात आयोडाइडचे काही थेंब टाका. पुन्हा पिवळं झालं तर शिसं उरलं होतं. आपल्या हिशेबात ते 0.0025 मोल उरतंच. (शिसं विषारी आहे, हे द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही.)

आता उत्पादन. 0.015 मोल आयोडाइडपासून 0.0075 मोल लेड आयोडाइड मिळायला हवं. त्याचं मोलर मास 461, म्हणजे अपेक्षित साका 3.46 ग्रॅम. मिळाला 3.11, उत्पादन 90 टक्के. राहिलेला साका गेला कुठे? थोडा गाळणकागदाला आणि काचेला चिकटला, थोडा धुताना विरघळला. लेड आयोडाइड गार पाण्यात अगदी कमी विरघळतं, 100 मिलिलिटरमध्ये ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. उकळत्या पाण्यात मात्र त्याच्या कितीतरी पट. म्हणून साका गार पाण्याने, तोही थोड्याच, धुवायचा.

चुकून लेड नायट्रेटला लिमिटिंग धरलं असतं, तर अपेक्षित साका 4.61 ग्रॅम आणि उत्पादन जेमतेम 67 टक्के आलं असतं, आणि दोष हाताच्या कामावर गेला असता. चुकीचा रिएजंट निवडला की अपेक्षित उत्पादन नेहमी फुगतं, म्हणून टक्केवारी नेहमी खऱ्याहून कमी येते.

त्यामुळे उत्तर शंभरच्या वर गेलं, तर रिएजंटच्या निवडीवर संशय घेण्यात अर्थ नाही. आधी मोलर मास तपासावं: PbI₂ मधला 2 विसरून 461 ऐवजी 334.1 धरलं, तर हाच 3.11 ग्रॅम साका 124 टक्के दाखवतो. आकडेमोड बरोबर असेल, तर बहुधा साका ओला आहे. तो ओव्हनमध्ये वाळवून, गार करून, पुन्हा तोलायचा. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत.