डब्यात आधीच असलेलं मॉलिब्डेनम

गाडीचं ऑइल बदलायला गॅरेजमध्ये गेलं की नव्या ऑइलच्या डब्याशेजारी कधी कधी आणखी एक छोटी बाटली ठेवलेली दिसते. त्यात काळपट राखाडी द्रव असेल तर ते मॉलिब्डेनम, आणि दुधाळ पांढरा असेल तर बहुधा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन या नावाने आपल्या घरात आलेला पदार्थ. "ताज्या ऑइलमध्ये ही टाका, इंजिन दुप्पट टिकेल, आवाज कमी होईल," असं सांगितलं जातं. बाटली काही शे रुपयांची असते आणि इंजिनाचं काम काढलं तर खर्च हजारोंच्या घरात जातो, म्हणून माणूस फार विचार न करता हो म्हणतो. ही बाटली खरोखर जास्त संरक्षण देते का, हे पाहण्यासाठी आधी इंजिनात धातू धातूला नेमका कुठे घासतो ते पाहावं लागेल.

बहुतेक ठिकाणी तो घासतच नाही. क्रँकचं बेअरिंग फिरू लागलं की त्याच्या फिरण्यानेच ऑइल फटीत ओढलं जातं आणि काही मायक्रॉन जाडीचा थर तयार होतो. धातूचे दोन्ही पृष्ठभाग त्या थरावर तरंगत असतात. तिथे मॉलिब्डेनम असलं काय आणि नसलं काय, त्याचा धातूशी संबंधच येत नाही. खरी अडचण दोन-तीन जागी आहे. कॅमचं टोक टॅपेटवर दाबलं जातं तिथे, पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो तेव्हा त्याच्या रिंगांपाशी, आणि इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत ऑइलचा थर इतका पातळ होतो की धातूची सूक्ष्म टोकं एकमेकांना भिडतात. ऑइलमध्ये काही घालून झीज कमी करायची असेल तर ती फक्त या जागांवर करता येते.

या जागांची सोय ऑइल बनवणारे फार पूर्वीपासून करत आले आहेत. १९४० च्या दशकापासून इंजिन ऑइलमध्ये जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक संयुग वापरलं जातं. या क्षेत्रातले लोक त्याला झेडडीडीपी म्हणतात. धातू घासू लागला, तापला, की हे संयुग तिथेच विघटित होऊन धातूवर काचेसारखा कडक थर जमवतं. त्याची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे सातशेवा भाग. घासून गेला तर तो पुन्हा तयार होतो, आणि महत्त्वाचं म्हणजे रात्रभर गाडी उभी राहून ऑइल खाली चेंबरमध्ये निथळलं तरी हा थर धातूवर तसाच राहतो. "सकाळी स्टार्ट मारताना इंजिन कोरडं असतं" ही भीती दाखवून बाटल्या विकल्या जातात, त्या वेळी या थराचा उल्लेख कुणी करत नाही.

आता पीटीएफई. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ १९३८ मध्ये योगायोगाने सापडला. त्याच्याइतका निसरडा घन पदार्थ क्वचितच असेल आणि नॉनस्टिक तव्यावर तो काय करतो ते आपण रोज पाहतो. पण तव्यावर तो बसवायला किती खटपट करावी लागते ते पाहा. आधी धातू खरवडून खडबडीत करतात, त्यावर चिकटण्यासाठी वेगळा थर देतात, मग भट्टीत पीटीएफईच्या वितळबिंदूच्या, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअसच्या, बऱ्याच वर तापवतात. तेव्हा कुठे तो धरतो. इंजिनात चेंबरमधलं ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं आणि पृष्ठभाग ऑइलने माखलेला असतो. जो पदार्थ कशालाच चिकटत नाही म्हणून प्रसिद्ध आहे, तो फिरत्या, तेलकट कॅमवर आपोआप थर धरेल, हे मानायला रसायनशास्त्रात काही आधार नाही. त्याचे कण ऑइलबरोबर फिरत राहतात. पीटीएफई ऑइलच्या अडीचपट जड असल्याने गाडी उभी राहिली की खाली बसू पाहतात, आणि एकत्र गोळा झाले तर फिल्टरमध्ये अडकतात.

या दाव्याची सगळ्यात मोठी तपासणी अमेरिकेत झाली. तिथे 'स्लिक ५०' नावाची पीटीएफईची बाटली अतिशय खपत होती. एकदा टाका, ऐंशी हजार किलोमीटर निर्धास्त राहा, झीज निम्म्याने कमी होईल, असा तिचा प्रचार होता. ग्राहकहिताचं काम पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली. आयोगाचं म्हणणं असं की इंजिनाच्या भागांवर पीटीएफईचा थर बसतो हे खोटं आहे, झीज कमी होण्याच्या आकड्यांना पुरेसा आधार नाही, आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल वापरलं तर सुरुवातीच्या क्षणीही इंजिनाला पुरेसं संरक्षण मिळतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ते दावे करणं कंपनीला थांबवावं लागलं आणि ग्राहकांसाठी किमान १ कोटी डॉलरची भरपाई ठरली. मला यातलं आयोगाचं आणखी एक वाक्य फार मोलाचं वाटतं: झीज होऊन इंजिन वेळेआधी बाद होणं हेच मुळात विरळ आहे, मग ही बाटली घातलेली असो वा नसो. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीत ज्या आजाराची शक्यता जवळजवळ नाही, त्याचं औषध घेऊन "बघा, आजार झाला नाही" म्हणणं सोपं असतं.

मॉलिब्डेनमची गोष्ट वेगळी आहे, कारण ते खरोखर काम करतं. बाटलीतली काळी भुकटी म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात. मॉलिब्डेनमच्या वर-खाली गंधक असे थर एकमेकांवरून सहज सरकतात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. जर्मनीतल्या उल्म शहरात १९५७ मध्ये सुरू झालेली लिक्वी मोली ही कंपनी याच भुकटीवर उभी राहिली. पण भुकटी ऑइलमध्ये विरघळत नाही, तरंगत ठेवावी लागते, आणि ती ऑइलच्या पाचपटीहून जड आहे. ऑइलमधल्या डिटर्जंटचं काम पृष्ठभागावर काही जमू न देणं हे असल्यामुळे भुकटीला धातूवर जागा मिळवण्यासाठी त्याच्याशी आणि झेडडीडीपीशीही स्पर्धा करावी लागते.

यावर तोडगा म्हणून विरघळणारं मॉलिब्डेनम आलं. त्याचं नाव लांबलचक आहे, थोडक्यात मोडीटीसी. ते ऑइलमध्ये पूर्ण विरघळलेलं असतं आणि जिथे धातू घासतो नेमक्या तिथेच, उष्णतेने व दाबाने, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पापुद्रे तयार करतं. झेडडीडीपीच्या जोडीने ते जास्त चांगलं चालतं. आजच्या कित्येक कार ऑइलमध्ये ते कारखान्यातच घातलेलं असतं, कुठे दशलक्ष भागांत पन्नास-शंभर भाग, तर काही जपानी पातळ ऑइलांमध्ये पाचशेहून अधिक. म्हणजे बाटली घेणारा पुष्कळदा तेच मूलद्रव्य ओबडधोबड रूपात पुन्हा विकत घेत असतो.

"जास्त घातलं तर जास्त फायदा" असं का होत नाही? एक हिशेब करून पाहू. समजा कारच्या इंजिनात साडेतीन लिटर ऑइल लागतं. मेकॅनिकने ३०० मिलीलिटरची बाटली ओतली आणि पातळी बरोबर राहावी म्हणून ऑइल तेवढं कमी घातलं. आता आत ३.२ लिटर ऑइल आहे. त्या ऑइलमध्ये फॉस्फरसचं प्रमाण दशलक्षात ८०० भाग होतं आणि बाटलीत फॉस्फरस नसेल, तर मिश्रणात ते सुमारे ७३० वर येतं. हे अजून चालण्याजोगं आहे. पण मूळ ऑइलमध्ये ६०० असतील तर मिश्रणात ५५० च्या खाली उतरतात, आणि ५डब्ल्यू-३० सारख्या आधुनिक पेट्रोल ऑइलांच्या मानकात ६०० ही खालची मर्यादा आहे. फॉस्फरसचं प्रमाण ८०० च्या वर गेलेलंही चालत नाही, कारण त्याने धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. ऑइल तयार करणारा रसायनतज्ज्ञ इतक्या अरुंद वाटेवरून चालत असतो. विरघळणाऱ्या मॉलिब्डेनमचंही तसंच. टर्बोच्या तप्त भागांवर काजळी जमण्याची जी चाचणी आहे, तिच्यात ते जास्त झालं की गुण घसरतात.

गाड्यांच्या प्रदर्शनात एक छोटं यंत्र दाखवतात. फिरत्या कड्यावर लोखंडी रोलर दाबायचा, दांड्याला वजनं लावायची. साधं ऑइल असताना कडं कर्रकन अडकतं, बाटलीतले चार थेंब टाकले की फिरत राहतं. यात लबाडी नसते, निकाल खराच असतो. मात्र त्या टोकावरचा दाब इंजिनातल्या कोणत्याही जागेपेक्षा फार मोठा आहे. ही परीक्षा गिअर ऑइलला आणि ग्रीसला शोभते. इंजिन ऑइलचा कस खऱ्या इंजिनावर, शेकडो तास चालवून, मग कॅम मोजून लागतो. बाटलीवर अशा चाचणीचं नाव आणि निकाल छापलेला आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे, मोटारसायकलची. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. क्लचला घर्षण हवं असतं, नेमकं तेच ही बाटली कमी करायला निघालेली असते. म्हणून जपानने १९९८ मध्ये दुचाकीच्या ऑइलसाठी वेगळं मानक आणलं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असेल तर ते ऑइल बुडालेल्या क्लचसाठी, आणि एमबी असेल तर ते कमी घर्षणाचं, स्कूटरसाठी. एमए२ चं महागडं ऑइल घेऊन त्यात घर्षण घटवणारी बाटली ओतली, की डब्यावरच्या त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही.

बिघाड ओळखायला सोपा आहे. वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना, शक्यतो चढावर, ॲक्सिलरेटर एकदम पिळावा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच स्लिप होतोय. आधी क्लच केबलची ढील तपासावी, कारण तीही हेच लक्षण दाखवते. केबल ठीक असेल आणि बाटली नुकतीच पडलेली असेल तर ऑइल काढून योग्य शिक्क्याचं नवं भरावं. लवकर लक्षात आलं तर एक-दोन बदलांत क्लच पुन्हा धरू शकतो. स्लिप होत असताना गाडी तशीच महिनाभर चालवली तर प्लेटा जळतात, मग त्या बदलाव्याच लागतात. गिअरलेस स्कूटरमध्ये क्लच ऑइलबाहेर कोरडा असतो, तिथे हा धोका नाही.

मॉलिब्डेनमच्या भुकटीची हक्काची जागा मात्र आहे, आणि कुशल मेकॅनिकला ती माहीत असते. इंजिन खोलून पुन्हा बांधताना नव्या कॅमच्या टोकांवर ते मॉलिब्डेनमची दाट काळी पेस्ट बोटाने चोळतात, कारण पहिल्यांदा इंजिन फिरेल तेव्हा पंपाचं ऑइल वरपर्यंत पोचलेलं नसतं आणि कोऱ्या धातूवर झेडडीडीपीचा थरही नसतो. कारच्या पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्यात, रबरी बूटच्या आत, जे काळं ग्रीस असतं त्यातही हीच भुकटी असते. तिथे ऑइलचा प्रवाह नाही, डिटर्जंट नाही, आणि ती जागची हलत नाही.