शिप की शीप? इंग्रजीतील ऱ्हस्व-दीर्घ स्वर ऐकण्याचा सराव

औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर या गावाचे नाव मोठ्याने उच्चारून पाहा. ‘शहापूर’मधील ऊकार लांब आहे. ‘शहापुरात’ म्हणताच तोच उकार आखूड होतो, गाव मात्र बदलत नाही. ‘वीट’ आणि ‘विटेला’ यांतही असेच घडते. मराठी बोलण्यात इकार-उकारांची लांबी बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते. तिच्यावर अर्थ क्वचितच अवलंबून असतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब हा भेद आपण लिहिताना पाळतो, पण बोलताना दोन्ही शब्द सहसा सारखेच ऐकू येतात.

इंग्रजीत ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. शेवटच्या व्यंजनाआधीचा इकार लांबवण्याची सवय आपल्या जिभेला असल्याने जहाजाची सहज मेंढी होते. ‘फुल’ म्हणजे भरलेले आणि ‘फूल’ म्हणजे मूर्ख, या जोडीतही हाच धोका आहे.

हा फरक केवळ लांबीचा आहे असे समजणे पुरेसे नाही. ‘शीप’ म्हणताना जीभ उंच व ताणलेली असते आणि ओठ फाकतात. ‘शिप’ म्हणताना जीभ किंचित खाली येऊन सैल पडते व स्वर थोडा ‘ए’कडे झुकतो. म्हणून ‘शिप’मधला स्वर कितीही लांबवला तरी त्याचा ‘शीप’ होत नाही.

लांबीवर विसंबल्यास कान कसा फसतो, हे चार शब्दांवरून कळेल : बिट (तुकडा), बीट (मारणे), बिड (बोली लावणे) आणि बीड (मणी, उच्चार आपल्या बीड जिल्ह्यासारखाच). इंग्रजीत ट, प यांसारख्या कठोर व्यंजनांपूर्वी स्वर आखडतो आणि ड, ब यांसारख्या मृदू व्यंजनांपूर्वी लांबतो. परिणामी ‘बीट’मधला दीर्घ स्वर ‘बिड’मधल्या ऱ्हस्व स्वराइतकाच लांब ऐकू येऊ शकतो. तेथे स्वराचा रंगच ऐकावा लागतो.

सराव १ : मोबाइलवरील इंग्रजी शब्दकोशात ध्वनिचिन्ह दाबले की उच्चार ऐकू येतो. सोबत्याला पडदा तुमच्यापासून लपवून ‘शिप’ व ‘शीप’ यांपैकी दोन उच्चार लागोपाठ वाजवण्यास सांगा. कधी तोच शब्द दोनदा, कधी दोन्ही वेगळे. तुम्ही फक्त ‘सारखे’ किंवा ‘वेगळे’ असे सांगा. सोबत्याने स्वतः उच्चार करू नयेत. त्याची जीभही मराठीच आहे.

सराव २ : आता एकेक शब्द, क्रम न ठरवता, १२ वेळा ऐका. जहाज वाटल्यास १, मेंढी वाटल्यास २ लिहा. नुसत्या अंदाजानेही सुमारे ६ उत्तरे बरोबर येतात, म्हणून १० किंवा अधिक बरोबर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सराव ३ : हीच रीत वरील चार शब्दांना लावा. ‘बिड’ ऐकून वारंवार ‘बीड’ लिहिले जात असेल, तर तुम्ही अजून लांबीच मोजत आहात. अशा वेळी ‘बिट’ आणि ‘बिड’ लागोपाठ ऐका. लांबी वेगळी असूनही दोहोंत स्वर एकच आहे, हे कानाला जाणवले की पुन्हा चारही शब्दांकडे वळा.