कॅल्क्युलेटर नको, घात पुरेत

मुलांनो, पाया ३ घेऊन ५ चा लॉग मोठा, की पाया ४ घेऊन ७ चा? पहिला लॉग म्हणजे ३ चा कितवा घात ५ होतो ती संख्या, आणि दुसरा म्हणजे ४ चा कितवा घात ७ होतो ती. या दोघांच्या मधोमध बसणारा एखादा अपूर्णांक सापडला की काम झाले.

आपण आधी ३/२ घेऊ. ५ चा वर्ग २५ हा ३ च्या घनापेक्षा, म्हणजे २७ पेक्षा लहान, म्हणून पहिला लॉग ३/२ पेक्षा लहान. ७ चा वर्ग ४९ हाही ४ च्या घनापेक्षा, ६४ पेक्षा लहान. दोघेही एकाच बाजूला, तेव्हा निकाल नाही!

आता ७/५ घेऊ. ५ चा पाचवा घात ३,१२५ आणि ३ चा सातवा २,१८७. ७ चा पाचवा १६,८०७ आणि ४ चा सातवा १६,३८४. दोन्ही लॉग ७/५ पेक्षा मोठे, पण दुसरा अगदी निसटता. म्हणजे ७/५ च्या थोडे वर शोधायला हवे.

७/५ आणि ३/२ यांचे अंश मिळवले, छेद मिळवले, तर १०/७ येतो. असा अपूर्णांक नेहमी त्या दोघांच्या मध्येच पडतो. (याने जमले नाही तर हीच युक्ती पुन्हा करायची.)

५ चा सातवा घात ७८,१२५ हा ३ च्या दहाव्या घाताहून, ५९,०४९ हून मोठा. उलट ७ चा सातवा घात ८,२३,५४३ हा ४ च्या दहाव्या घाताहून, १०,४८,५७६ हून लहान. म्हणून पहिला लॉग १०/७ च्या वर, दुसरा खाली. पहिला मोठा!