न थांबणारं भिरभिरं

चार पात्यांचं भिरभिरं मोबाइलवर अखंड फिरताना दिसतं, ते खरं तर दोनच सेकंदांचं असतं. सेकंदाला 24 चित्रं म्हणजे एकूण 48. पूर्ण फेरी 360 अंशांची, म्हणून प्रत्येक चित्रात भिरभिरं साडेसात अंश पुढे सरकतं.

गडबड होते ती शेवटच्या चित्रात. पहिलं चित्र 0 अंशावर आणि 48वं 360वर ठेवलं, तर दोन्ही हुबेहूब सारखी. तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं आणि दर फेरीला भिरभिरं किंचित अडखळतं. म्हणून 360 अंशांची खूण 49व्या चित्रावर ठेवायची आणि फाइल मात्र 48 चित्रांचीच काढायची. 48वं मग तीनशे साडेबावन्न अंशांवर येतं, त्यापुढचं पाऊल म्हणजे पहिलंच चित्र.

तरीही दर फेरीला वेग मंदावून पुन्हा वाढतोय? मग दोष सॉफ्टवेअरच्या सवयीचा. ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअर हालचालीची सुरुवात आणि शेवट आपसूक संथ करतात. एरवी ते छान दिसतं, इथे नको. वेग ‘लिनिअर’ करायचा.

चारही पाती एकाच रंगाची असतील तर पाव फेरी, म्हणजे 12 चित्रंही पुरतात. मागे ढग सरकत असतील, तर मात्र ही काटकसर विसरा: ढगही त्याच 12 चित्रांत मूळ जागी यायला हवेत.