शेपटावरून जनावर

उसाच्या बांधावर लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्याचं कार्ड काढून संगणकाला जोडलं, की पूर्ण जनावर असलेले फोटो त्यात थोडेच निघतात. बहुतेक फोटो रिकामेच असतात, कारण पाचोळा हलला किंवा शेळी फिरकली तरी कॅमेरा क्लिक होतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच फोटोंत चौकटीच्या एका कडेला शेपूट असतं, फार तर मागचा एखादा पाय. मग गावातल्या मोबाइलवर तो फोटो फिरतो आणि ‘बिबट्याचं पिल्लू’ असं त्याचं बारसंही होऊन जातं.

शेपूटच का उरतं? ट्रॅप कॅमेऱ्यात उष्णतेचा फरक टिपणारा संवेदक असतो. आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असलेलं काही समोरून सरकलं, की तो जागा होतो. पण जागा होणं आणि फोटो निघणं यांत थोडा वेळ जातो, आणि जुन्या किंवा स्वस्त कॅमेऱ्यात तो अर्ध्या सेकंदाच्या पुढेही जातो. कॅमेरा वाटेपासून जेमतेम दीड मीटरवर बांधला असेल, तर त्याच्या नजरेत वाटेचा साधारण सव्वा मीटरचा तुकडा येतो. दुडक्या चालीनं जाणारं जनावर सेकंदाला दोन मीटर सहज कापतं. म्हणजे तोंड आणि धड निघून गेलेलं असतं आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला येतं ते शेवटचं टोक. म्हणून जाणकार माणसं कॅमेरा वाटेपासून तीन-चार मीटर मागे आणि जरा तिरका लावतात. शेतात मात्र तेवढी मोकळी जागा मिळतेच असं नाही.

आता हे शेपूट कोणाचं, हे ठरवताना पहिला प्रश्न असतो तो फोटोबाहेरचा. या भागात रात्री कोणकोण फिरतं? नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. अभयारण्य नाही, चहूकडे शेती आणि वस्ती, तरी दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे त्यांना आढळले. पण तरसंही जवळपास तेवढीच निघाली, हे फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. शिवाय रानमांजर, वाघाटी, जवादी मांजर, खोकड, कोल्हा आणि मुंगूस होतेच. उसातल्या शेपटाला एवढे दावेदार असतात. एकेकाला बाद करत जायचं आणि शेवटी कोण उरतं ते पाहायचं, हीच कामाची रीत. नुसतं ‘बिबट्यासारखं दिसतंय’ म्हणून भागत नाही, कारण बिबट्या मनात धरून पाहिलं की कशातही बिबट्या दिसतो.

एक नेहमीचा नमुना घेऊ. रात्री दोनचा, काळा-पांढरा फोटो. उजव्या कडेला शेपूट आणि मागचा एक पाय, बाकी सगळं चौकटीबाहेर. शेपटावर गडद पट्टे दिसतात.

सगळ्यात आधी त्याच मिनिटातले पुढचे-मागचे फोटो काढून पाहायचे. कॅमेरे सहसा एका दमात तीन फोटो घेतात आणि आधीच्या फोटोत गवताआड पाठीची एक रेघ किंवा कानाचं टोक असू शकतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे असतील, तर समोरच्याचं कार्डही त्याच वेळेला लावून बघायचं. अर्धी कोडी इथेच सुटतात. आपल्या नमुन्यात दोन्हीकडे काहीच मिळालं नाही असं धरू.

मग पट्टे मोजायचे आणि ते शेपटावर कुठे आहेत ते पाहायचं. इथे ते बुडापासून टोकापर्यंत, सारख्या अंतरानं, गोल वेढे घातल्यासारखे आहेत. मोजले तर आठ भरतात. शेवटचं टोक फिकट आहे. शेपूट बुडाशी जाड आहे आणि टोकाकडे निमुळतं होत गेलं आहे. पाऊल मात्र काळपट आहे.

यावरून बिबट्या बाद होतो. बिबट्याच्या शेपटावर बुडापासून बऱ्याच लांबीपर्यंत ठिपके असतात. टोकाकडे ते एकमेकांत मिसळून अर्धवट पट्टे होतात, पण संपूर्ण शेपटाला वेढणारी अशी नेटकी कडी नसतात. टोकाची खालची बाजू पांढरी असते. चालताना बिबट्या शेपटाचा शेवट वर वळवतो तेव्हा ही पांढरी बाजू रात्रीच्या फोटोतही लख्ख दिसते. पिल्लाच्या शेपटाचीही ठेवण तीच.

रानमांजरही बाद. त्याचं शेपूट आखूड असतं, धडाच्या निम्म्याहूनही कमी. मांजराची टाच जमिनीपासून बरीच वर असते, आणि रानमांजराचं शेपूट त्या टाचेच्या आसपासच संपतं. पट्टे असतात ते फक्त टोकाजवळ, दोन-तीन, आणि टोक काळं. वाघाटीच्या, म्हणजे अंगावर तांबूस ठिपके असलेल्या त्या चिमुकल्या मांजराच्या शेपटावर ठळक खुणाच नसतात. मुंगसाचं शेपूट निमुळतं खरं, पण त्यावर कडी नाहीत. खोकडाचं झुबकेदार असतं आणि टोक काळं असतं. उदमांजराचं लांब आणि सरळ काळपट, कड्यांशिवाय.

शेवटपर्यंत टिकणारा एकच दावेदार खरा त्रास देतो, तो म्हणजे गावातला पट्टेरी बोका. त्याच्याही शेपटावर कडी असतात, बुडापासून टोकापर्यंत. रात्री उसात फिरायला त्याला कोणाची आडकाठी नसते. त्याला बाद करायला दोन गोष्टी कामी येतात. त्याचं शेपूट जवळपास शेवटपर्यंत सारख्या जाडीचं असतं आणि त्याचं टोक गडद असतं. आपल्या फोटोतलं शेपूट निमुळतं आहे, टोक फिकट आहे आणि पाय काळे आहेत. तेव्हा उरतं ते जवादी मांजर. नावात मांजर असलं तरी ते मार्जारकुळातलं नाही. त्याच्या शेपटावर सात ते नऊ काळी कडी असतात आणि पाय गडद असतात. टोक पुढे येऊन नुसती वरची चार कडी दिसली असती, तरी ते बोक्यापासून वेगळं काढणं अवघड गेलं असतं. शेपटाचं टोक चौकटीत असणं इतकं मोलाचं ठरतं ते यामुळे.

एक पडताळा अजून बाकी आहे, आकाराचा. फोटोत जनावर किती मोठं दिसतं यावर विसंबायचं नसतं. कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावरून गेलेलं मांजर लांबच्या बिबट्याएवढी जागा व्यापतं. त्यासाठी कॅमेरा होता तिथेच ठेवून, फोटोत पाऊल जिथे पडलं होतं त्या जागेवर दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण केलेली काठी उभी धरायची आणि फोटो काढायचा. दोन फोटो शेजारी ठेवले की उंची कळते. प्रौढ बिबट्या खांद्याशी 60 ते 70 सेंटिमीटर भरतो, रानमांजर 35 ते 40, आणि जवादी मांजर 20-22च्या आसपास. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते केलं असतं तर कित्येक ठिकाणी पिंजरा लावण्याची मागणीच झाली नसती.

शेपूट नसेल आणि पाय असेल तर वाट वेगळी. तरसाच्या पायांवर आडवे काळे पट्टे असतात. एवढी एकच खूण त्याला बिबट्यापासून, कोल्ह्यापासून आणि कुत्र्यापासून वेगळं काढते. शाकाहारी जनावरांत पाय तर आणखी बोलके. गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसले तर तो गवा, आणि खुराच्या वर पांढरी कडी दिसली तर नीलगाय. नखांचं मात्र जपून. चालताना मार्जारकुळाची नखं आत ओढलेली असतात आणि कुत्र्याची बाहेर दिसतात हे खरं, पण गवतात पाऊल बुडालेलं असतं आणि नख म्हणून जे दिसतं ते पुष्कळदा काडी असते.

कान बहुधा तेव्हाच मिळतो जेव्हा एखादं चौकस जनावर कॅमेऱ्याचा वास घ्यायला जवळ येतं. बिबट्याचा कान गोल, मागून काळा आणि मधोमध फिकट ठिपका. रानमांजराचा टोकदार, लालसर, टोकाला काळ्या केसांचा लहानसा झुपका, आणि मागे ठिपका नाही. तरसाचा मोठा, उभा, निमुळता. मागून दिसणारा कान समोरून दिसणाऱ्यापेक्षा जास्त सांगतो.

रात्रीच्या फोटोंची खोड अशी, की ते इन्फ्रारेड प्रकाशात निघतात. रंग गेलेले असतात, त्यामुळे ‘तांबूस’, ‘पिवळसर’ हे शब्द बाजूला ठेवायचे. जनावर फार जवळ असलं तर सगळं अंग पांढरंफटक होतं आणि खुणा पुसल्या जातात. वेगात असलं तर कडी एकमेकांत मिसळून शेपूट सलग राखाडी दिसतं. म्हणजे कडी न दिसणं हा कडी नसल्याचा पुरावा नव्हे. दिसलेल्या खुणेवर भर द्यायचा, न दिसलेलीवर नाही. आणि अस्पष्ट शेपटासाठी नोंदवहीत ‘लहान मांसाहारी, जात अनिश्चित’ एवढंच लिहिणं हे काम अर्धवट सोडणं नव्हे. व्याघ्रगणनेतही हीच शिस्त असते. नुसत्या शेपटावरून वाघ आहे हे ठरतं, पण कुठला वाघ हे ठरवायला कुशीवरचे पट्टे लागतात. दोन्ही कुशींचे पट्टे वेगवेगळे असल्यामुळे तिथे कॅमेरे जोडीनं लावतात. 2018च्या गणनेत देशभर साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले आणि त्यांतले वाघांचे होते 76,651.

याच इन्फ्रारेडचा उलटा उपयोगही झालेला आहे. मलेशियाच्या द्वीपकल्पावर बिबटे जवळपास सगळेच काळे. दिवसाच्या फोटोत अंग सलग काळं दिसायचं, त्यामुळे एक बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नव्हता आणि त्यांची मोजदाद अडली होती. काळ्या बिबट्याच्या अंगावर ठिपके असतात, फक्त काळ्यावर काळे. संशोधकांनी कॅमेऱ्याचा उजेड ओळखणारा संवेदक झाकून टाकला. रात्र आहे असं समजून कॅमेरा भर दिवसाही इन्फ्रारेड झोत टाकू लागला, आणि त्या प्रकाशात ठिपके स्पष्ट उमटले. 2015 साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. काळे बिबटे आपल्याकडे ताडोबातही दिसलेले आहेत. तिथल्या एखाद्या कॅमेऱ्यात दुपारच्या उन्हात नुसतं काळं, लांब, आखूड केसांचं शेपूट आलं, तर रात्रीच्या फोटोंमध्ये तेच शेपूट शोधायचं. ठिपके असलेच तर ते तिथे सापडतील.