नवरोजाच्या मेजावरील एक अक्षर

मुरुड तालुक्यांतील काशीद या गांवीं, समुद्रालगतच्या सुरूच्या बनाआड, एका मार्च महिन्यांत आम्हीं सहकुटुंब आठ-दहा दिवस मुक्काम केला होता. शेजारच्या बंगल्यांत मुंबईचें एक इराणी जरथुष्ट्री कुटुंब उतरलें होतें. त्या घरच्या वृद्ध बाईंचे आजेसासरे यझ्द प्रांतांतून मुंबईस आलेले. २१ मार्च हा त्यांचा जमशेदी नवरोज. आदल्या दिवशीं सायंकाळीं बाई कुंपणापाशीं आल्या आणि आमच्या मातोश्रींना म्हणाल्या, “माई, उद्यां सकाळीं मुलांना घेऊन मेज पाहायला या हं!”

आमंत्रण मिळतांच घरांत दोन प्रश्न उभे राहिले. शेजाऱ्यांच्या सणाला जावयाचें तर रिकाम्या हातानें कसें जावें, आणि गेल्यावर बोलावें काय? आमच्या धाकट्या पुतणीनें एका जाड कागदावर वेलबुट्टी काढून मध्यभागीं ठळक अक्षरांत “पतेती मुबारक” असें लिहिलें. मेजावर “स” या अक्षरापासून आरंभ होणाऱ्या सात वस्तु मांडतात, एवढें तिनें कोठेंतरी ऐकलें होतें. म्हणून भेट म्हणून तिनें चंदनी साबणाची एक वडीहि बांधून घेतली. या दोन्ही गोष्टींत चूक होती, आणि त्या चुका समजून घेतांना आम्हां वडील मंडळींना जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

सकाळीं गेलों तेव्हां मेजावर शुभ्र वस्त्र अंथरलें होतें. आरसा, तेवता दिवा, रंगविलेलीं अंडीं, प्रार्थनेचें पुस्तक आणि त्यांच्यापुढें सात लहान वाट्या. वाट्यांच्या मधोमध एक पुठ्ठ्याचा तुकडा उभा केला होता व त्यावर काळ्या शाईनें एकच अक्षर रेखिलें होतें : उजवीकडून डावीकडे जाणारे तीन बारीक दांते, आणि शेवटीं खालीं वळून उघडी राहिलेली एक वाटी. “हें तुमच्या धर्माचें अक्षर का?” असें पुतणीनें विचारलें. बाई हंसून म्हणाल्या, “नाहीं, डिकरा. हें तर अरबी लिपीचें. आमच्या धर्माचें अक्षर पुस्तकांत आहे, तेंहि आतां आमच्याकडे गुजरातींत छापतात!”

या एका उत्तरांत पुष्कळ इतिहास सांठविलेला आहे. तें अक्षर म्हणजे फारसी लिपींतील “सीन”. फारसी भाषा आज ज्या लिपींत लिहितात ती इराणांत इस्लामाबरोबर आली. त्यापूर्वीं ससानी राजांच्या काळीं राज्यकारभार व ग्रंथरचना पेहलवी लिपींत होत असे. तिच्यांत अक्षरें थोडीं, आणि एकेका अक्षराचे उच्चार अनेक. त्यामुळें ती वाचणें तज्ज्ञांसहि कठीण जातें. धर्मग्रंथाच्या पठणांत असा संशय चालावयाचा नाहीं, म्हणून त्याच ससानी काळांत अवेस्ता लिहिण्याकरितां पन्नासांहून अधिक चिन्हांची स्वतंत्र लिपि घडविण्यांत आली. तिच्यांत ऱ्हस्व-दीर्घ स्वरांनाहि निरनिराळीं चिन्हें आहेत. वेदपठणांत स्वरोच्चाराची जी काळजी आपले वैदिक घेतात, तिच्याशीं परिचित असलेल्या वाचकांस या खटाटोपाचें कारण सांगावयास नकोच.

पेहलवी अक्षरें पाहावयास फार दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. मुंबईजवळ साष्टींतील कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ या वर्षीं आलेल्या जरथुष्ट्री प्रवाशांनीं आपलीं नांवें, वडिलांचीं नांवें आणि तिथि पेहलवींत कोरून ठेविलीं आहेत. त्यांनीं दिलेला शक यझ्दगर्द या शेवटच्या ससानी राजाचा आहे. तोच शक पारशी मंडळी आजहि मानतात.

आतां सात वाट्यांकडे वळूं. “हफ्त सीन” म्हणजे सात सीन. संस्कृत “सप्त” आणि फारसी “हफ्त” हे शब्द सख्खे भाऊ आहेत. आपल्या “स”च्या जागीं इराणी भाषांत पुष्कळदां “ह” येतो. पहिल्या वाटींत सब्जे, म्हणजे गव्हाचे हिरवे अंकुर. दुसरींत समनू, म्हणजे अंकुरलेल्या गव्हाचा रस पिठासह तासन्‌तास आटवून केलेलें दाट पक्वान्न; त्यांत साखर मुळींच नसते, अंकुरांचीच गोडी उतरते. तिसरींत संजद, हीं बोरासारखीं दिसणारीं वाळलेलीं फळें. पुढें सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सुमाक म्हणजे एका आंबट फळाची तांबूस पूड, आणि सिरके म्हणजे शिरका. संजद व सुमाक या दोन वस्तु बाईंनीं मुंबईहून आणिल्या होत्या. त्या न मिळाल्यास सिक्के, म्हणजे नाणीं, किंवा सुंबुल नांवाचें सुगंधी फूल ठेवितात.

गहूं मात्र त्यांनीं काशीदलाच रुजविले होते. एक रात्र भिजवून, पाणी निथळून, पसरट बशींत एकाच थरानें पसरावे व वर ओलें फडकें घालावें. मोड दिसूं लागले कीं फडकें काढून नुसतें पाणी शिंपडावें. कोंकणच्या दमट उष्म्यांत पाणी बशींत सांचलें तर दोन दिवसांतच आंबूस वास येतो व मुळांशीं पांढरी बुरशी धरते. बाईंचा पहिला घाणा असाच वायां गेला होता. दुसरा त्यांनीं अकरा तारखेस घातला, तो नेमका हाताच्या बोटाएवढा वाढला होता.

पुतणीनें आपली साबणाची वडी पुढें केली. बाईंनीं ती प्रेमानें घेतली, वास घेतला आणि मेजाच्या कडेला ठेविली. सातांत मात्र ठेविली नाहीं. कारण विचारतां त्यांनीं पेन्सिल घेऊन कागदावर तीन अक्षरें काढलीं. फारसींत आपल्या “स”सारखा उच्चार होणारीं अक्षरें तीन आहेत : सीन, स्वाद आणि से. अरबींत या तिहींचे उच्चार भिन्न. फारसी जिभेवर ते एकच झाले, पण लेखनांतला भेद कायम राहिला. “साबून” हा शब्द स्वादनें लिहितात. “संदूक” आणि “सब्र” यांचीहि तीच गत. म्हणजे देवनागरींत लिहिलेली यादी पाहून कोणती वस्तु चालेल हें ठरवितां येत नाहीं; कानाला “स” ऐकूं आला तरी डोळ्यांना सीन दिसला पाहिजे. आमच्या लिपीचा उच्चारांविषयीं आम्हांस मोठा अभिमान. परंतु येथें ती निरुपयोगी ठरली, कारण हा खेळ उच्चाराचा नसून लेखनाचा आहे.

यावर आमच्या बंधूंनीं आपलें ज्ञान प्रकट केलें. मूळ मेज “सात शीनां”चें होतें, त्यावर शराब वगैरे वस्तु असत, आणि अरबांच्या राज्यांत मद्य वर्ज्य झाल्यामुळें शीनचे सीन झाले, अशी कथा त्यांनीं वाचली होती. सीनवर तीन टिंबें दिलीं कीं शीन होतो, त्यामुळें कथा पटण्यासारखी वाटते. पण ती तपासून पाहावी. टिंबांचा हा संबंध अरबी लिपींतला; पेहलवींत “स” आणि “श” हीं अगदीं निराळीं अक्षरें आहेत. शिवाय शीनच्या यादींत सांगितले जाणारे “शराब” आणि “शमा” हे शब्दच अरबी. जी प्रथा अरबांच्या पूर्वींची म्हणावयाची, तिची यादी अरबी शब्दांनीं कशी सुरू होईल? अकराव्या शतकांतील पंडित अल्‌बेरूनी यानें नवरोजास सात खांबांवर सात जातींचें धान्य पेरण्याची चाल वर्णिली आहे. तेव्हां सात हा आंकडा व अंकुर हीं दोन्ही जुनीं खरीं. परंतु सात सीनांची ठराविक मांडणी स्पष्टपणें दिसूं लागते ती अलीकडच्या शतकांत. ती केवळ जरथुष्ट्रींचीहि नाहीं. इराणांतील मुसलमान कुटुंबेंहि तीच मांडतात. उलट मुंबईच्या पुष्कळ पारशी घरीं सीनांच्या वाट्यांपेक्षां “सेस” महत्त्वाची : चांदीच्या तबकांत कुंकू, तांदूळ, नारळ, साखर आणि गुलाबदाणी. आपल्या घरच्या औक्षणाच्या तबकाची आठवण तिनें सहज व्हावी.

राहिला तो शुभेच्छेचा कागद. बाईंनीं तो वाचला, क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अक्षर फार सुंदर आहे. पण पतेतीला मुबारक म्हणत नाहींत, बेटा.” आपल्याकडील दिनदर्शिकांत पारशी नववर्षास सर्रास “पतेती” म्हणतात, परंतु “पतेत” म्हणजे पापाचा पश्चात्ताप, आणि पतेती हा सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस. त्याआधींचे मुक्तादाचे दिवस दिवंगतांच्या स्मरणाचे असतात. सर्वपित्री अमावास्येस कोणी आपल्या दारीं येऊन आनंदानें अभिनंदन करावें, तसा तो प्रकार होतो. त्यांतून हा मार्च महिना. पतेती तर ऑगस्टांत.

हा तिथींचा घोळ असा आहे. शहेनशाही पंथाचें वर्ष बरोबर ३६५ दिवसांचें. त्यांत अधिक दिवस धरीत नाहींत. त्यामुळें दर चार वर्षांनीं त्यांचा वर्षारंभ एक दिवस मागें सरतो. २०२३ मध्यें तो १६ ऑगस्टास होता, २०२४ मध्यें १५ ऑगस्टास आला. कदमी पंथाचा वर्षारंभ त्याच्या तीस दिवस आधीं येतो. फसली पंथ मात्र वसंतसंपाताशीं जुळवून २१ मार्चलाच वर्ष सुरू करितो. बहुसंख्य पारशी शहेनशाही असल्यामुळें त्यांना मार्चमधील जमशेदी नवरोज हा सण आहे, वर्षारंभ नव्हे.

म्हणून शेजाऱ्यानें लक्षांत ठेवावयाचें तें इतकेंच : मार्चमध्यें “नवरोज मुबारक” म्हणावें, तें कोणत्याहि पंथाच्या घरीं चुकत नाहीं. ऑगस्टांत वर्षारंभाच्या दिवशीं “साल मुबारक” किंवा “नवरोज मुबारक”, दोन्ही चालतात. उत्तरहि त्याच शब्दांनीं येतें. “नवरोज” मधील “नव” तो आपलाच. “रोज” म्हणजे दिवस, तो आपल्या “रुच्” या प्रकाशवाचक धातूचा आप्त. “साल” हा शब्द वैदिक “शरद्”चा नातलग आहे. वेदकाळीं शरद् म्हणजे वर्षहि होतें. “मुबारक” तेवढा अरबी पाहुणा.

पुतणीनें तेथेंच बसून कागदाच्या मागच्या बाजूस “नवरोज मुबारक” असें देवनागरींत लिहिलें. बाईंनीं त्याखालीं तेंच फारसींत लिहिलें, आणि तो कागद आरशाला टेकून उभा केला. निघतांना त्यांनीं मुलांच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडलें व गोड दह्याबरोबर शेवया खावयास घातल्या. साबणाची वडी मेजाच्या कडेला तशीच होती. ती सातांतली नव्हती, पण तिला मेजावरून कोणीं उचललें नाहीं.