राजीनाम्यानंतर आलेली पगारवाढ

राजीनामा टाकल्यावर दोन-तीन दिवसांत मॅनेजर चहाला बोलावतो. ‘अगं, आधी बोलायचंस ना!’ अशी सुरुवात होते आणि चहा संपेपर्यंत नव्या कंपनीच्या आकड्यावर आणखी थोडं ठेवून झालेलं असतं. पुण्याच्या आयटी कंपन्यांत नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, त्यामुळे असे चहा बरेच होऊ शकतात.

समजा, हिंजवडीतल्या एका टेस्टरचं पॅकेज 14 लाखांचं आहे. नव्या कंपनीचं 19 लाखांचं ऑफर लेटर तिने स्वीकारलंय. जुनी कंपनी म्हणते, साडेएकोणीस घे आणि थांब. ऐकायला झकास! पण आकडा फोडला तर त्यात 16 लाख निश्चित, 2 लाख कामगिरीवर अवलंबून आणि दीड लाख ‘रिटेन्शन बोनस’ निघतो. हा बोनस एकदाच मिळणार, म्हणजे पुढच्या वर्षी पॅकेज 18 लाखांवर येणार. शिवाय वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करायचा. आणि अनेक करारांत परतफेड कर कापण्याआधीच्या पूर्ण रकमेची असते. नव्या कंपनीत निश्चित भागच 18 लाखांचा आहे. महिन्याला सोळा-सतरा हजारांचा फरक, तोही नव्या कंपनीच्या बाजूने.

जुन्या बाजूनेही एक वजनदार गोष्ट आहे, ती मॅनेजर सहसा काढत नाही. ग्रॅच्युइटी! कायम नोकरीत त्यासाठी साधारण पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. या टेस्टरची नोटीस संपेल तेव्हा चार वर्षं सात महिने होतील. तिचा मूळ पगार 50 हजार धरला, तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे 1 लाख 44 हजार होते. पाच महिन्यांसाठी एवढं सोडायचं? त्यासाठी थांबायलाच हवं असं मात्र नाही. नव्या कंपनीकडे तेवढा जॉइनिंग बोनस मागता येतो.

आता पैसा बाजूला ठेवू. ती रात्रपाळीला कंटाळून निघाली असेल, तर वाढलेल्या पगारातही पाळी रात्रीचीच राहील. पाळी बदलणार असेल, तर कोणत्या टीममध्ये आणि कोणत्या तारखेपासून, हे सुधारित पत्रात यायला हवं. ‘दोन महिन्यांत बघू’ हे मॅनेजरने मनापासून म्हटलं तरी तोच उद्या दुसऱ्या प्रोजेक्टवर जाऊ शकतो.

थांबायचं ठरलंच, तर सहीचं पत्र हातात आल्यावर नव्या कंपनीला त्याच दिवशी स्पष्ट नकार कळवावा. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणारे कमी नाहीत, आणि तिथल्या एचआरला ती नावं लक्षात राहतात. जुन्या कंपनीतही राजीनामा नुसता तोंडी मागे घेऊन भागत नाही. पोर्टलवर तो रद्द झालेला दिसेपर्यंत कामाचा शेवटचा दिवस तसाच नोंदलेला असतो, आणि त्या संध्याकाळी तिचं लॉगिन आपोआप बंद पडू शकतं.